गाढव कोणत्या चरणाला?

माझं आजोळ गोदाकाठचं, पैठणपासून फार लांब नाही. तिथल्या हरिनाम सप्त्यात यंदा सहाव्या रात्रीचं कीर्तन माझ्याकडे आलं. मामा वारकरी कीर्तनकार. जोग महाराजांनी 1917 साली आळंदीला सुरू केलेल्या वारकरी शिक्षण संस्थेत चार वर्षं राहून शिकलेले आणि त्यानंतर 35 वर्षं गावोगावच्या मांडवात उभे राहिलेले. मी पुण्यात नारदीय कीर्तन शिकले. त्यांच्यामागे टाळकऱ्यांची रांग आणि पखवाज, माझ्या बाजूला पेटी आणि तबला. घरात आम्ही एका ताटात जेवतो, पण कीर्तन कसं बांधायचं यावर आमचं कधी जमलेलं नाही.

आदल्या दुपारी, ज्ञानेश्वरीचं पारायण उठल्यावर, मी माझा कागद त्यांच्यापुढे ठेवला. अभंग तुकोबांचा होता. खरा साधू कोण, हे सांगणारा. शाळेतल्या पोराला पाठ असतो तोच. कथा नाथांची, म्हणजे रामेश्वराला निघालेलं गंगेचं पाणी वाटेत तडफडणाऱ्या गाढवाला पाजल्याची. मामांनी चष्मा लावला, कागद दोनदा वाचला आणि कथेच्या ओळीवर बोट ठेवलं.

मामा : अभंग झकास आहे. पण हे गाढव इतक्या उशिरा का गं?

मी : उशिरा कुठे? नमन 10 मिनिटं, पूर्वरंग 40 मिनिटं. त्यात अभंगाचं निरूपण. मग मध्यंतर, नामघोष, बुक्का लावणं, हार. तिथून उत्तररंग, त्यात आख्यान. आमची पद्धतच ती, मामा. आधी सिद्धांत, मग दृष्टांत.

मामा : म्हणजे पहिला तासभर लोकांनी नुसता अर्थ ऐकायचा, आणि कथा शेवटी?

मी : पूर्वरंगात जे म्हटलं ते कथेत घडताना दिसतं. दोन्ही मिसळलं तर कथा फुटते. तुम्ही काय करता? एक चरण घेता, त्यावर चार प्रमाणं देता, मध्येच एक गोष्ट, परत चरण. गोष्टीला पाय रोवायला जागाच मिळत नाही.

मामा : मिळते. पण गोष्टीला मालकीण होऊ देत नाही आम्ही. अभंग मालक. चरण संपलं की गोष्ट संपली. आपल्याकडे भोंगा दहाला बंद करावा लागतो, म्हणून कीर्तन आठ ते दहा. लोक साडेआठला जेवून येणार. तुझं नमन आणि अर्धा पूर्वरंग रिकाम्या मांडवात जाणार. आणि साडेनऊला पोरं मांडीवर झोपली की बाया उठायला लागतात. तुझं आख्यान तेव्हा कुठे रंगात येणार!

इथे मला गप्प बसावं लागलं, कारण असंच एकदा माझ्या बाबतीत झालं होतं. एका गावात माझा पूर्वरंग एक तास दहा मिनिटं चालला. मला जे जे ठाऊक होतं ते सगळं मी सांगितलं. मध्यंतराला आरतीचं ताट येईपर्यंत बायकांच्या बाजूचा निम्मा मांडव रिकामा झाला होता. मग आख्यान 20 मिनिटांत गुंडाळलं, दोन साक्या आणि एक दिंडी गाळली, आणि शेवटी मूळ पदावर परत यायचं राहूनच गेलं. नारदीय कीर्तनात ही चूक सर्वांत मोठी. जे पद घेऊन उभे राहिलो त्यावर परत आलो नाही, तर कथा नुसतीच एक गोष्ट होऊन राहते.

मी : बरं, मग पूर्वरंग 25 मिनिटांवर आणते. पण अभंगाला ध्रुपद सोडून पाच चरणं आहेत. 25 मिनिटांत पाच चरणं म्हणजे प्रत्येकाला पाच मिनिटं.

मामा : वाटणी करू नकोस. शेताची वाटणी करायची, अभंगाची नाही. सगळी चरणं सारखी नसतात. पहिलं चरण लोकांना पाठ आहे, त्याचा अर्थ सांगत बसलीस तर ते म्हणतील हे आम्हाला येतंच. दुसरं, लोण्याचं. लोणी आतून मऊ, बाहेरून मऊ, हे घरात लोणी काढणाऱ्या बाईला तू काय समजावणार? एक वाक्य आणि पुढे. चौथं चरण, पोटच्या पोराला जी माया तीच नोकराचाकराला, त्यालाही दोन मिनिटं बास. तुझं कीर्तन तिसऱ्या चरणात आहे.

मी : ज्याला कुणी नाही, त्याला जवळ घेण्याचं.

मामा : तेच. आणि तिथेच सगळे घसरतात. त्यात ‘आपंगिता’ असा शब्द आहे. निम्मे लोक त्याचा अर्थ अपंग असा लावतात आणि मग लंगड्या-पांगळ्यांवर बोलत सुटतात. तो शब्द तसा नाही. आपंगणे म्हणजे आपलं म्हणून सांभाळणे, आश्रय देणे. आपंगिता म्हणजे सांभाळणारा. ज्याला सांभाळणारा कुणी नाही, असा अर्थ. हा एक शब्द नीट उघडलास की निरूपण झालं. लोकांना तो शब्द रोज गाऊनही माहीत नाही. माहीत असलेल्या अभंगातली माहीत नसलेली एक जागा दाखवली की माणूस पुढे सरकून बसतो.

मी कागदावर तिसऱ्या चरणाभोवती गोल काढला. हे मामांचं मला मनापासून पटलं. मी शिकले त्या पद्धतीत प्रत्येक चरणाला न्याय द्यायचा असतो, आणि न्याय म्हणजे सारखा वेळ अशी माझी समजूत कधी झाली ते मलाही कळलं नव्हतं. पण मामांनी लगेच दुसरा हट्ट धरला.

मामा : आता तिसऱ्या चरणावर गाढव आण. तिथेच त्याची जागा. गाढवाला सांभाळणारा कोण? कुणी नाही. बरोबर बसलं. 12 मिनिटांत कथा सांग, चौथं चरण, शेवटचं चरण, संपलं. उत्तररंग-बित्तररंग लागत नाही.

मी : 12 मिनिटांत नाथ चालतील कसे, मामा? कावडीचं ओझं कळायला वेळ लागतो. उत्तरेतून गंगेचं पाणी घेऊन रामेश्वराला पायी जायचं, म्हणजे दोन हजार किलोमीटरच्या वर. कावड खांद्यावर, दोन टोकांना दोन घडे. किती महिन्यांची वाट, किती ऊन. ते ओझं ऐकणाऱ्याच्या खांद्यावर चढलं नाही तर घडा रिकामा होताना त्याला काय वाटणार? कुणी तांब्याभर पाणी गाढवाला ओतलं, एवढंच.

मामा काही बोलले नाहीत. त्यांनी डब्यातून सुपारी काढली आणि अडकित्त्यानं कातरत बसले. त्यांना पटलं की ते असंच करतात.

मामा : कावड चढवायला किती वेळ लागेल?

मी : 15 मिनिटं. वाट, बरोबरचे यात्रेकरू, ऊन. मग वाळवंट आणि गाढव, 10 मिनिटं. पाणी पाजणं फक्त तीन मिनिटं. ते लांबवायचं नाही.

मामा : का?

मी : तिथे शब्द जास्त झाले की पाणी दिसत नाही. कावड खाली ठेवली, घड्याचं तोंड सोडलं, पाणी गाढवाच्या तोंडात गेलं. एवढंच. त्या वेळी पेटीसुद्धा बंद.

आख्यानाची ही वाटणी मी बऱ्याच चुकांनंतर शिकले. नवा कीर्तनकार नेमका उलटं करतो. वाट दोन वाक्यांत उरकतो आणि दयेच्या जागी 10 मिनिटं गहिवरतो. गहिवर कीर्तनकाराला आला की श्रोत्याला येत नाही, हे मांडवात उभं राहिलं की लगेच कळतं. समोरच्या रांगेतली माणसं तुमच्याकडे बघायची सोडून एकमेकांकडे बघू लागतात.

मामांनी सुपारी तोंडात टाकली आणि माझ्या कागदाची दुसरी बाजू पाहिली. तिथे मी श्रोत्यांना विचारायचे प्रश्न लिहिले होते. पहिलाच प्रश्न होता : तुम्ही नाथांच्या जागी असता तर काय केलं असतं?

मामा : याचं उत्तर कोण देणार?

मी : कुणीतरी देईल.

मामा : कुणी देणार नाही. मांडवात 300 माणसं, त्यात सासरा बसलेला, सून बसलेली, सरपंच बसलेला. एवढ्या लांब उत्तराचा प्रश्न विचारलास की सगळे खाली बघणार. मग तू म्हणणार, बोला ना, आवाज येत नाही! आणि तिथे कीर्तनाची शाळा होणार.

मी : गाडगेबाबा विचारायचे की. त्यांचं सगळं कीर्तनच प्रश्नांवर होतं.

मामा : बाबा काय विचारायचे ते नीट बघ. ज्याचं उत्तर एका शब्दात येतं असं विचारायचे. हो, नाही, दगड, माणूस, असं उत्तर. अडाण्यालाही येणारं. अशी चार-पाच उत्तरं लोकांच्या तोंडून काढायची आणि मग सहाव्याला त्यांचं त्यांनाच कळायचं की आपण काय बोलून बसलो. आणि बोलायचे वऱ्हाडातल्या घरातलं. तू पुस्तकातलं विचारतेस.

मी कागद उलटा केला आणि आम्ही दोघांनी मिळून प्रश्न नव्यानं बांधले. हे काम तासभर चाललं. मला वाटतं, त्या दुपारचं खरं काम तेच. शेवटी तीन प्रश्न राहिले. पहिला : नांगरून दमलेला बैल आणि तुम्ही, दोघं तहानलेले, आधी पाणी कुणाला? या गावात याचं उत्तर एकच येतं, आणि ते मोठ्यानं येतं. दुसरा : शेजाऱ्याचा बैल बांधावर तहानलेला दिसला, शेजारी गावाला गेलेला, पाजाल का? याचंही उत्तर येतं, पण जरा हळू, आणि काही जण हसतात, कारण प्रत्येकाला आपला शेजारी आठवतो. तिसरा : कुणाचंच नसलेलं गाढव असेल तर?

मामा : तिसरा प्रश्न विचारू नकोस.

मी : अहो, तोच तर मुद्दा आहे! पहिले दोन त्याच्यासाठीच आहेत. आपला बैल, शेजाऱ्याचा बैल, आणि मग जो कुणाचाच नाही तो. आपंगिता हा शब्द न उच्चारता लोकांनी तो अनुभवला. त्याला तुम्ही कात्री लावताय.

मामा : मी कात्री लावत नाही. श्रोत्याला कोपऱ्यात धरायचं नाही, एवढंच सांगतोय. हा माणूस सात दिवस मांडवात झटतोय. वर्गणी दिली, पंगत वाढली, पहाटे चारला काकड्याला आला. त्याला सगळ्या गावासमोर विचारायचं की गाढवाला पाणी पाजशील का, आणि त्यानं मान खाली घालायची? त्यानं खोटं उत्तर दिलं तर अजूनच वाईट. सगळे एका सुरात हो म्हणतील आणि तुझी कथा तिथेच मेली. ज्याला उत्तर आधीच आलं, त्याला कथा कशाला?

या शेवटच्या वाक्यानं मी थांबले. खोटा होकार हा धोका माझ्या ध्यानात आला नव्हता. मोठ्या आवाजातला प्रतिसाद म्हणजे चांगला प्रतिसाद, असं आपण धरून चालतो. पण कथेच्या आधी मिळालेला भरघोस होकार कथेचं तेल काढून घेतो.

मी : मग तिसरं उत्तर मी देते. विचारते आणि लगेच म्हणते, मी तर नसतं पाजलं. काशीहून आणलेलं पाणी, देवासाठी आणलेलं, मी घड्याचं तोंडही सोडलं नसतं.

मामा : हां. हे चालेल. दोष आधी आपल्या अंगावर घ्यायचा. तुकोबा तेच करतात, सगळ्या गाथेत. आणि ते म्हणताना खरं म्हण. म्हणायचं म्हणून म्हणू नकोस.

चहा आला. मामी पायरीवर गहू निवडत बसल्या होत्या आणि सगळं ऐकत होत्या. मी कथेच्या शेवटाकडे वळले. तिथे आमचं जुळणार नाही हे मला आधीच ठाऊक होतं.

मी : मी गाढवाचा शंकर करणार नाही.

मामा : म्हणजे?

मी : सगळे सांगतात की पाणी पाजल्यावर गाढवाच्या जागी साक्षात रामेश्वर उभा राहिला. मी गाढवाला गाढवच ठेवणार. ते उठलं, कान झाडले आणि चालतं झालं. नाथांकडे वळूनही पाहिलं नाही.

मामा : लोक त्या दर्शनाची वाट बघत असतात. तिथे जयघोष होतो, टाळ वाजतात. तू ते काढून घेतलंस तर त्यांना जेवण अर्ध्यावर उठवल्यासारखं होईल.

मी : पण मग ध्रुपदाचं काय, मामा? ध्रुपद सांगतं की साधू इथे ओळखा, देव इथेच आहे असं जाणा. जाणायचं काम ऐकणाऱ्याचं आहे. मी शंकर उभाच केला तर जाणायला उरलं काय? ते तर डोळ्यांनी दिसलं. आणि ज्यानं गाढवाला पाजलं त्याला देव भेटला म्हटलं, की लोक देव भेटावा म्हणून पाजणार. गाढव परत एकटंच राहिलं.

मामा : महिपतींनी 1762 साली भक्तविजय लिहिला, तेव्हापासून घराघरांत या कथा वाचल्या गेल्या. बायांनी पोथीतून ऐकलंय. तुला त्यांच्या पोथीपेक्षा जास्त कळतं का?

मी : पोथीवर मी बोट ठेवत नाही. पोथी पोथीच्या जागी. मी ध्रुपदाच्या जागेचं बोलतेय. आख्यान संपलं की पहिला शब्द ध्रुपदाचा आला पाहिजे, आणि तो लोकांच्या तोंडून. मी ध्रुपदाचा पहिला अर्धा भाग म्हणणार आणि थांबणार. दुसरा अर्धा, देव कुठे ते, त्यांनी म्हणायचा. शंकर आधीच आला असेल तर तो अर्धा भाग नुसतं गाणं होतो. आला नसेल तर ते उत्तर होतं.

मामा बराच वेळ अंगणाकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘तुझं तू बघ. पण मी असतो तर शंकर आणला असता.’ त्यात राग नव्हता. त्यांच्या गुरूंनी तो आणला होता, त्यांच्या गुरूंच्या गुरूंनी आणला होता, आणि 35 वर्षांत त्या जागी मांडव उठून उभा राहिलेला त्यांनी पाहिला होता. मला आजही वाटतं की दोन्ही करता येतं. पण एकाच कीर्तनात नाही. ज्याला शंकर आणायचा त्यानं ध्रुपद अर्ध्यावर सोडू नये, जयघोषानं कथा बंद करावी. दोन शेवट एकावर एक ठेवले की दोन्ही फुकट जातात.

खरा खटका पुढच्या गोष्टीवर उडाला. गावात तेव्हा टँकरनं पाणी येत होतं, आणि गावाबाहेरच्या वस्तीला टँकर सगळ्यांत शेवटी मिळायचा, कधी मिळायचाच नाही. मी ही कथा निवडली ती त्यासाठीच. चौथ्या चरणावर, पोटचं पोर आणि नोकर यांना सारखी माया असं जिथे आहे तिथे, मी टँकरचा विषय काढणार होते.

मामा : नाही.

मी : का नाही? गाडगेबाबांनी काढला असता. सरळ विचारलं असतं.

मामा : बाबा गावाचे नव्हते. कीर्तन करून, हाती झाडू घेऊन पुढच्या गावाला जायचे. तुझं आजोळ इथे आहे. तू टँकर म्हटलंस की लोक वस्तीकडे बघणार नाहीत, टँकर कुणाच्या ताब्यात आहे त्याच्याकडे बघतील. तो पहिल्या रांगेत बसलेला आहे. मग कीर्तन त्याच्याबद्दल झालं. दुसऱ्या दिवशी पारावर चर्चा तीच : ताईनं त्याला कसा हाणला. गाढव विसरलं, वस्ती विसरली, आणि वस्तीतल्या माणसांना वाटणार की आपल्याला सगळ्यांदेखत गाढव केलं. हा विचार केलास का?

मी केला नव्हता. वस्तीतली माणसंही मांडवात बसणार होती, आणि माझ्या कथेत त्यांच्या वाट्याला गाढव येत होतं. हे मला कुणी सांगेपर्यंत सुचलं नाही याची लाज वाटली, आणि अजूनही वाटते. पण मामांचा सगळा मुद्दा मी मानला नाही.

मी : टँकर म्हणत नाही. पण पाण्याचं बोलणारच. चौथ्या चरणावर घरातलं बोलते : पंगतीत शेवटी बसणाऱ्याला ताक पुरतं का, ते कोण बघतं? एवढंच.

मामा : पंगत चालेल. पंगतीत सगळे कधी ना कधी शेवटी बसलेले असतात.

संध्याकाळी हरिपाठाला जाण्याआधी त्यांनी मला ध्रुपद गायला लावलं. मी काळी चारमध्ये सुरू केलं, आणि चाल अशी होती की दुसऱ्या अर्ध्या भागाला आवाज वरच्या षड्जाला जाऊन भिडतो. मामांनी हात वर केला. ‘हे तू गाशील. मांडव नाही गाणार.’ मला चालीचा अभिमान होता. पण त्यांनी मामींना म्हणायला सांगितलं. मामींनी गहू बाजूला ठेवून प्रयत्न केला, वरच्या सुराला आवाज फाटला आणि त्या हसून थांबल्या. लोकांनी उत्तर द्यायचा भाग ज्या सुरात लोकांचा आवाज पोचत नाही तिथे बांधला, तर उत्तर कधीच येणार नाही. वारकरी मांडवातही हे होतं. टाळकरी एवढे वर चढवतात की बायका आणि म्हातारी माणसं नुसती टाळ्या वाजवत राहतात. आम्ही दुसऱ्या अर्ध्या भागाची चाल खाली आणली, पाच सुरांत, घरात पाळणा म्हणतात तितकी सोपी. भोंगेवाल्याला सांगून ठेवलं की मी हात खाली केला की माझा माइक आणि पेटीचा माइक दोन्ही कमी करायचे. नाहीतर मांडवाचा आवाज मांडवालाच ऐकू जात नाही.

दुसऱ्या रात्री पावणेनऊला मांडव भरला. नमन मी आठ मिनिटांत संपवलं. आपंगिता या शब्दावर पहिल्या रांगेतला एक म्हातारा खरंच पुढे सरकून बसला. बैलाचं उत्तर आलं, मोठ्यानं. शेजाऱ्याच्या बैलावर हशा झाला. मग मी तिसरा प्रश्न विचारला आणि माझं ठरलेलं उत्तर द्यायला तोंड उघडलं, तोच बायकांच्या बाजूनं, मागून, एक आजी म्हणाल्या, ‘गाढवाला कोन पाजतं, बाई?’

कुणी हसलं नाही. त्यांनी ते टिंगलीनं म्हटलंच नव्हतं. त्यांना खरंच विचारायचं होतं. माझं तयार उत्तर तिथे फार गुळगुळीत वाटलं असतं, म्हणून मी ते गिळलं. मध्यंतराचा नामघोषही पुढे ढकलला आणि आजींचं वाक्य उचलून तिथूनच कावड खांद्यावर घेतली. पूर्वरंग आणि उत्तररंग यांच्यामध्ये हार घालायलाही जागा राहिली नाही. मामा पहिल्या रांगेत टाळ मांडीवर ठेवून बसले होते.

कावड चढायला 18 मिनिटं लागली. पाणी तीन मिनिटांत पाजून झालं. गाढव उठलं, कान झाडले, चालतं झालं. मी ध्रुपदाचा पहिला अर्धा भाग म्हटला आणि हात खाली केला. भोंग्याचा आवाज बसला. क्षणभर काहीच नाही. मग बायकांच्या बाजूनं दुसरा अर्धा भाग सुरू झाला, थोडा उशिरा, बेसूर, पण खालच्या त्याच पाच सुरांत. दुसऱ्या खेपेला पुरुष त्यात आले. तिसऱ्या खेपेला मामांनी टाळ उचलला.

नामघोष झाला, पंगतीच्या ताकाचं बोलले, शेवटचं चरण घेतलं, आरतीला दहाला पाच कमी होते. घरी येताना मामा बॅटरीच्या उजेडात पुढे चालत होते. नाल्याच्या कडेला थांबून म्हणाले, ‘आजीचं घेतलंस ते बरं केलंस. पण गाढव अजून पाच मिनिटं आधी यायला पाहिजे होतं. तिसऱ्या चरणालाच.’

‘तिसऱ्या चरणालाच आलं की, मामा.’

‘पुढच्या वर्षी मी घेतो हा अभंग,’ ते म्हणाले. ‘तू टाळ धर.’